बादलीचा नळ किती उंचीवर घ्यावा?

सुदामानगरला मावशीच्या नव्या बाथरूममध्ये नळ दोन फुटांवरच काढला होता. तरी भरलेली बादली बाहेर ओढताना कडी नळाला अडकायची आणि तांब्याभर पाणी पायावर सांडायचं. मिस्त्रीने माप घेतलं होतं कच्च्या जमिनीपासून. वर भराव, उताराचा मसाला आणि टाइल्स मिळून ९ सेंटिमीटर चढले, आणि ६० चे ५१ झाले.

म्हणून भिंत फोडण्याआधी बाथरूमच्या दाराशी तयार फरशी कुठे येणार ते ठरवा. लेव्हल पाइपने तीच रेघ चारी भिंतींवर मारून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेपासूनच मोजा.

मग घरातली सगळ्यात मोठी बादली आणा. मावशीची ३२ सेंटिमीटर उंच आहे, कडी उभी केली की ४६. वर हात फिरायला ५ धरले तर नळाचं तोंड ५१ वर हवं. भिंतीतल्या भोकाच्या मध्यापासून तोंड साधारण ५ ते ६ खाली येतं, पण हे मॉडेलगणिक बदलतं, तेव्हा नळ आधी विकत घेऊन मोजा. म्हणजे भोक ५७ वर. थोडी मोकळीक धरून ६० घ्या. चौरंगावर बसून अंघोळ करणाऱ्यांनाही तिथवर हात पोचतो. बादली ओट्यावर ठेवणार असाल तर ओट्याची उंची यात मिळवा. ७५ च्या वर मात्र नेऊ नका, शिंतोडे उडतात.

उंचीइतकंच महत्त्वाचं म्हणजे नळ भिंतीपासून किती पुढे येतो. बादलीचं तोंड ३० सेंटिमीटर रुंद असेल तर तिचा मध्य भिंतीपासून १५ वर पडतो. भिंतीतल्या साध्या नळाला बिब कॉक म्हणतात; आखूड बिब कॉकची धार काठाजवळच पडते, म्हणून लाँग बॉडी मागा. गरम-गार वेगळे नळ असतील तर मध्यापासून मध्य १५ सेंटिमीटर ठेवा, दोन्ही धारा एकाच बादलीत येतात. बोअरचं पाणी असेल तर जाळीचा नळ इथे नको, क्षार साचून धार बारीक होते.

नळ ज्यात बसतो त्या भिंतीतल्या एल्बोचं, म्हणजे पाइपच्या कोपऱ्याच्या जोडाचं, तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी बरोबर यावं. आत राहिलं तर एक्स्टेंशन निपल लावता येतो. बाहेर आलं तर नळाची चकती भिंतीला टेकत नाही आणि फटीतून पाणी आत मुरतं. टाइल्स लागण्याआधी एल्बोला प्लग लावून पाइपलाइन दाबाखाली तपासून घ्या.

पिलर कॉक बादलीसाठी नाहीच. तो बेसिनवर उभा राहतो, त्याच्या तोंडाखाली प्लॅस्टिकचा मगसुद्धा कसाबसा जातो. बेसिनचा काठ फरशीपासून ८० ते ८५ वर ठेवा, आणि त्याचं पाणी बंद करायचा अँगल कॉक साधारण ५५ वर, बेसिनखाली हात जाईल असा.

मावशीने शेवटी नळ नाही, बादली बदलली.