लांब बीमच्या सळ्या मोजताना लॅप : बारा मीटरच्या मागणीआधीची तयारी

लांब बीमच्या लोखंडाची मागणी लिहिण्याआधी पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात, कारण आधीचा आकडा निश्चित झाल्याशिवाय पुढचा काढता येत नाही. समोर एक ठरावीक बीम असल्यास हिशेब नीट कळतो. म्हणून येथे पाच गाळ्यांचा अखंड बीम घेतला आहे. प्रत्येक गाळा कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६.७५ मीटरचा आहे, कॉलमची बीमच्या दिशेची रुंदी ४०० मिलिमीटर आहे, काँक्रीट एम २५ आणि सळई एफई ५०० प्रतीची आहे. वरच्या बाजूला २० मिलिमीटरच्या दोन सळ्या बीमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात. या लेखातील सर्व आकडे याच दोन सळ्यांचे आहेत.

सर्वप्रथम आराखड्यावरील सर्वसाधारण सूचनांमध्ये लॅपची, म्हणजे जोडाच्या जागी दोन सळ्या एकमेकींवर चढवायच्या भागाची, लांबी शोधावी आणि ती सळईच्या व्यासाच्या किती पट आहे, हे मागणीच्या कागदावर सुरुवातीलाच लिहावे. आपल्या बीमसाठी ती ५० पट, म्हणजे १ मीटर दिली आहे. आयएस ४५६ : २००० प्रमाणे पडताळले तर एम २५ आणि एफई ५०० साठी ताणातील सळईची विकास लांबी, म्हणजे काँक्रीटने सळईला पूर्ण पकडण्यासाठी लागणारी लांबी, व्यासाच्या सुमारे ४९ पट येते आणि वाकणाऱ्या बीममधील ताणाच्या सळईचा लॅप यापेक्षा किंवा ३० पटींपेक्षा कमी असता कामा नये, म्हणून ५० पट हा आकडा योग्य ठरतो. हाच आकडा पाठ करून दुसऱ्या कामावर मात्र वापरू नये. एम २० काँक्रीटमध्ये त्याच सळईची विकास लांबी सुमारे ५७ पट होते, आणि तिथे १ मीटरचा लॅप तोकडा पडतो.

याच ठिकाणी एक शंका अभियंत्याकडून लेखी दूर करून घ्यावी. जोड ताणातल्या सळईत असेल, ती सळई छेदाच्या वरच्या बाजूला असेल आणि तिच्यावरील कव्हर तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर आयएस ४५६ ही संहिता लॅप १.४ पट करायला सांगते. सळई छेदाच्या कोपऱ्यात असून कव्हर तसेच कमी असेल तरीही १.४ पट करायला सांगते, आणि दोन्ही अटी एकत्र आल्या तर २ पट. आपल्या बीममध्ये रिंगच्या बाहेर ३० मिलिमीटर कव्हर आहे आणि रिंग ८ मिलिमीटरची आहे, म्हणजे मुख्य सळईपर्यंतचे अंतर ३८ मिलिमीटर होते, तर हवे आहे ४० मिलिमीटर. सळ्या वरच्या आहेत आणि कोपऱ्यातल्याही आहेत. गाळ्याच्या मध्याजवळ, नेहमीच्या उभ्या भाराखाली, वरच्या सळईत दाब असतो आणि म्हणून तिथे जोड घेतल्यास आराखडाकाराने ५० पट पुरेसे मानलेले असू शकते. परंतु हा निर्णय त्याचा आहे, मोजणी करणाऱ्याने तो गृहीत धरू नये. १.४ पट लागू झाली तर लॅप १.४० मीटरचा होतो आणि पुढचा सारा हिशेब बदलतो.

यानंतर लॅप न धरता सळईची एकूण कटिंग लांबी काढावी. पाच गाळे मिळून ३३.७५ मीटर होतात. दोन्ही टोकांना कॉलमची उरलेली अर्धी रुंदी मिळवल्यावर बाहेरून बाहेर ३४.१५ मीटर भरतात, आणि दोन्हीकडे ५० मिलिमीटर सोडल्यावर सळईचा आडवा भाग ३४.०५ मीटर राहतो. दोन्ही टोकांना कॉलममध्ये खाली वळवलेला पाय आराखड्यात ७५० मिलिमीटर दाखवला आहे, तो मिळवून ३५.५५ मीटर होतात. काटकोनात वळवलेल्या प्रत्येक ठिकाणी व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ४० मिलिमीटर वजा केले की कटिंग लांबी ३५.४७ मीटर येते. हा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवावा, कारण बिल तपासताना लॅपसह आणि लॅपविना अशा दोन्ही लांबींची गरज पडते.

आता तुकड्यांची संख्या ठरवायची, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. ३५.४७ ला एका सळईच्या १२ मीटर लांबीने भागले तर २.९६ येतात, म्हणून तीन सळ्या आणि दोन लॅप असा निष्कर्ष सहज काढला जातो. त्या दोन लॅपचे २ मीटर मिळवले की लागणारी लांबी ३७.४७ मीटर होते, आणि तीन सळ्यांमध्ये असतात ३६ मीटर. पहिली सळई पूर्ण १२ मीटर कामी येते, पण तिच्यापुढची प्रत्येक सळई एक मीटर मागच्या सळईवर चढवावी लागत असल्याने फक्त ११ मीटर पुढे नेते. म्हणून एकूण लांबीतून एक लॅप वजा करावा, उरलेल्या लांबीला बारा वजा लॅप या संख्येने भागावे आणि उत्तर पुढच्या पूर्ण संख्येपर्यंत न्यावे. येथे ३४.४७ भागिले ११ केल्यास ३.१३, म्हणजे चार तुकडे आणि तीन लॅप येतात, आणि एका सळईची लॅपसह लांबी ३८.४७ मीटर होते. एक मीटरच्या लॅपला तीन सळ्या जास्तीत जास्त ३४ मीटर झाकू शकतात. त्यामुळे ३४ ते ३६ मीटरच्या मधली कोणतीही लांबी दिसली की हा भागाकार पुन्हा करावा. ही चूक कागदावर राहून गेली तर ती साइटवर शेवटच्या तुकड्याशी उघड होते. तिथे दीड मीटर सळई कमी पडते, आणि मग फिटर प्रत्येक लॅप थोडा थोडा कमी करून किंवा जोड कॉलमच्या सांध्यात सरकवून वेळ निभावतो. बांधलेल्या लोखंडात लॅप ७०० किंवा ८०० मिलिमीटर मोजले गेले, तर आधी मागणीचा कागद तपासावा.

भागाकाराने आलेली संख्या जागेवर बसते का, हे त्यानंतर बीमची सरळ रेघ आखून पाहावे. आपल्या आराखड्यात वरच्या सळ्यांचे जोड गाळ्याच्या मधल्या अर्ध्या भागातच घ्यायचे आहेत, म्हणजे कॉलमच्या तोंडापासून गाळ्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जोड चालत नाही. भूकंपाचा विचार करणारी आयएस १३९२० ही संहिताही सांध्यात आणि कॉलमजवळ जोड नाकारते. मोकळा गाळा ६.३५ मीटरचा असल्याने जोडासाठी प्रत्येक गाळ्यात मधले ३.१७ मीटर मिळतात. पहिली सळई पायासह दुसऱ्या गाळ्याच्या मधल्या भागात पोहोचते. तिथून निघालेली सळई तिसरा गाळा ओलांडून थेट चौथ्या गाळ्याच्या मधल्या भागात जाऊ शकेल का, तर त्यासाठी किमान १२.३२ मीटरचा तुकडा लागतो आणि आपल्याकडे १२ मीटरची सळई आहे. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अशा तिन्ही गाळ्यांत एकेक जोड घ्यावाच लागतो. येथे दोन्ही वाटांनी तीनच जोड आले. अनेक बीममध्ये मात्र भागाकार कमी जोड सांगतो आणि जागा अधिक मागते, तेव्हा जागेने सांगितलेली संख्या धरावी.

दोन सळ्यांचे जोड एकाच छेदात येऊ नयेत, हीही अट येथेच लावावी. एका छेदात निम्म्याहून अधिक सळ्या जोडू नयेत, आणि दोन जोडांच्या मध्यांतील अंतर लॅपच्या १.३ पट, म्हणजे १.३० मीटर असेल तरच ते वेगवेगळे मानले जातात. दोन्ही जोड एका गाळ्यात बसवायला त्यामुळे २.३० मीटर जागा लागते आणि ती मिळते. लॅप १.४० मीटर असता तर ३.२२ मीटर लागले असते आणि मधला अर्धा भाग पाच सेंटिमीटरने अपुरा पडला असता. असे झाल्यास जोडाची जागा बदलण्यासाठी अभियंत्याला विचारावे.

पहिल्या सळईसाठी तुकडे असे ठरवता येतात : ११.९८५ मीटर, ७.९० मीटर, पुन्हा ७.९० मीटर आणि शेवटी १०.६८५ मीटर. त्यांची बेरीज ३८.४७ मीटर भरते, आणि ती तशी भरलीच पाहिजे. न भरल्यास एखाद्या लॅपची लांबी चुकली आहे असे समजावे. दुसरी सळई याच चार तुकड्यांची घ्यावी, पण तिचा क्रम उलट्या टोकापासून लावावा. असे केल्याने तिन्ही गाळ्यांत दोन जोडांचे मध्य आपोआप १.३० मीटर अंतरावर येतात आणि कापण्यासाठी फक्त तीन मापे राहतात. फिटरला एकच चिठ्ठी देता येते, हाही फायदा थोडा नाही.

मग कापून उरणाऱ्या तुकड्यांचा हिशेब घ्यावा. दोन्ही सळ्यांसाठी बारा मीटरच्या आठ सळ्या लागतात, म्हणजे ९६ मीटर, आणि त्यातून प्रत्यक्ष ७६.९४ मीटर वापरले जातात. उरलेल्या १९.०६ मीटरला लगेच वाया गेलेले धरू नये. ७.९० मीटरचे चार तुकडे कापल्यावर ४.१० मीटरचे चार तुकडे शिल्लक राहतात, आणि या बीमच्या चार आतल्या कॉलमांवर प्रत्येकी एक जादा सळई नेमकी ४.०० मीटर लांबीची आहे. त्या चारही सळ्या येथूनच निघतात, म्हणून त्यांची वेगळी मागणी करू नये. मग खरोखर निरुपयोगी ठरणारे लोखंड जेमतेम ३ मीटर उरते. हे जुळवणे मागणीच्या आधी केले तरच उपयोगी पडते, कारण कटाई सुरू झाल्यावर फिटर हाताशी येईल ती सळई कापतो.

वजन काढताना व्यासाचा वर्ग भागिले १६२ या नेहमीच्या सूत्राने २० मिलिमीटरच्या सळईचे मीटरला २.४७ किलो घ्यावे. लॅप न धरता दोन सळ्यांचे १७५.२ किलो होतात आणि लॅपसह १९०.० किलो. फरक १४.८ किलोचा, म्हणजे सुमारे साडेआठ टक्के आहे. सरसकट पाच टक्के लॅप धरण्याची सवय अशा लांब बीमला लागू पडत नाही, म्हणून टक्केवारीऐवजी जोड मोजूनच आकडा लिहावा. लॅप आणि कटाईतील तूट यांचे रकानेही वेगळे ठेवावेत. लॅप काँक्रीटमध्ये कायमचा जातो, तूट भंगारात जाते, आणि ठेकेदाराच्या करारात या दोहोंचे पैसे बहुधा निराळ्या नियमाने मिळतात.

मागणी पाठवण्यापूर्वी आणखी दोन नोंदी कराव्यात. लॅपच्या संपूर्ण लांबीत आराखड्याप्रमाणे जवळजवळ घ्यायच्या रिंगा नेहमीच्या मोजणीत येत नाहीत, त्यामुळे सहा जोडांच्या जादा रिंगा रिंगांच्या यादीत मिळवाव्यात. आणि सळ्या मधोमध दुमडून येणार असतील, तर ती वळलेली जागा साधारण सहा मीटरवर असते. ती सरळ केल्यावरही तिथे थोडा बाक राहतो, आणि लॅपमध्ये दोन सळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. आपल्या तुकड्यांमध्ये लॅप तुकड्याच्या टोकाच्या एका मीटरात आहे. म्हणून ७.९० मीटरचे तुकडे एका टोकापासूनच मापून कापावेत, म्हणजे बाक त्या तुकड्याच्या सहा मीटरवर, लॅप सुरू होण्याच्या जवळपास ९० सेंटिमीटर अलीकडे राहतो. माल उतरल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातील काही सळ्या टेपने मोजून घ्याव्यात, कारण ११.९८५ मीटरच्या तुकड्यात फक्त पंधरा मिलिमीटरची मोकळीक आहे. एखादी सळई ११.९५ मीटर भरली तर तिच्यातून पहिला तुकडा न काढता १०.६८५ मीटरचा शेवटचा तुकडा काढावा.