नोकरी गेल्यावर सांभाळून घेणाऱ्या मित्राचे आभार मानताना या चुका टाळा

नवी नोकरी लागली, पगार सुरू झाला, आणि आता ज्या मित्राने चार-पाच महिने सांभाळून घेतले त्याला भेटायचे आहे. त्याचे पैसेही देणे आहेत. नेमके इथेच अडते. आभार मानायला तोंड उघडावे तर पैशांचा विषय निघेल, आणि पैशांबद्दल बोलावे तर त्याने केलेले सगळे फक्त रकमेत मोजल्यासारखे वाटेल. मग फोन लांबणीवर पडतो. समोरच्याला वाटते, पैसे द्यायचे आहेत म्हणून हा टाळतोय.

आभार आणि हिशोब एकाच वेळी उरकणे

सर्वाधिक होणारी चूक हीच. ‘तू होतास म्हणून निभावलं रे, आणि तुझे पैसेही लवकरच देतो’ असे एका दमात म्हटले की मित्र उत्तरतो, ‘अरे, राहू दे.’ आता हे ‘राहू दे’ आभाराला होते की पैशांना? दोघांनाही कळत नाही आणि पुन्हा विचारणे आणखी अवघड होते.

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी करा आणि हिशोब आधी करा. उलट क्रमाने गेलात, तर मनापासून मानलेले आभारही पैशांसाठी मुदत मागण्याची प्रस्तावना वाटू शकतात. हिशोब मेसेजवर लिहून पाठवा, म्हणजे त्याला सवडीने वाचता येतो आणि तोंडावर उत्तर द्यावे लागत नाही. आभार मात्र प्रत्यक्ष भेटूनच माना. त्या भेटीत पैशांचा शब्दही काढू नका.

‘किती द्यायचे राहिलेत रे?’ असे विचारणे

या प्रश्नाने आकडा सांगायचे ओझे मित्रावर पडते. संकोचाने तो कमी सांगेल किंवा विषय बदलेल. हिशोब तुम्हीच काढा. यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच्या नावावर गेलात की आजवरची देवघेव दिसते. ती बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहा, कारण अ‍ॅप मध्येच बदलले असेल तर जुन्या नोंदी नव्या अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत. रोख दिलेल्या रकमांसाठी त्याच्याबरोबरच्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये ‘मिळाले’, ‘पाठवले’, ‘भाडं’ असे शब्द शोधा.

हमखास सुटतात ते त्याने तिसऱ्याच कुणाला परस्पर दिलेले पैसे: घरमालकाला दिलेले भाडे, तुमच्या कोर्सची फी, त्याच्या क्रेडिट कार्डावर घेतलेली वस्तू. कार्डाचे हप्ते पाडले असतील तर त्यावरचे व्याजही तुमच्याच बाजूला धरा. त्याने मुदत ठेव मोडून पैसे दिल्याचे माहीत असेल, तर बुडालेले व्याज विचारून घ्या. त्यापलीकडे स्वतःहून व्याज लावू नका. मैत्रीत दिलेल्या रकमेवर टक्केवारी लावली की मित्राला ते लागते.

आणि घरचे जेवण, मुलाखतीला सोडताना जाळलेले पेट्रोल, तुमच्या मुलांसाठी आणलेला खाऊ हे हिशोबात अजिबात घेऊ नका. त्याची जागा आभारात आहे.

‘पहिल्या पगारात सगळे देतो’ म्हणणे

पहिला पगार बऱ्याचदा अर्धवट येतो. महिन्याच्या मध्यावर रुजू झालात तर तेवढ्याच दिवसांचा मिळतो. कंपनीची पगारपत्रके तयार होऊन गेल्यावर रुजू झालात, तर तो पुढच्या महिन्यात जमा होतो. शिवाय बेकारीच्या काळातली थकलेली बिले त्याच पगारावर टपलेली असतात. शब्द मोडतो आणि अवघडलेपण सुरू होते. ‘जमेल तसे देतो’ हेही तितकेच वाईट, कारण मित्राला त्यातून काहीच ठरवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मित्राने दोनदा मिळून ₹६०,००० यूपीआयने दिले आणि ₹९,००० कोर्सची फी भरली. देणे ₹६९,०००. नव्या नोकरीत हातात ₹४८,००० येतात. घरखर्च ₹३०,००० आणि आधीच्या कर्जाचा हप्ता ₹६,००० वजा जाता ₹१२,००० उरतात. सगळे बारा हजार देऊ करू नका, एक दवाखान्याचे बिल आले की हप्ता चुकेल. पहिला हप्ता ₹६,००० आणि पुढचे सात ₹९,००० चे, म्हणजे आठ महिन्यांत फिटते. सुरुवात दुसऱ्या पगारापासून. मेसेज असा:

‘हिशोब काढला. तू दोनदा मिळून ६० हजार दिलेस, फीचे ९ हजार, एकूण ६९. काही सुटलं असेल तर सांग. पुढच्या महिन्यापासून दर ७ तारखेला खात्यात टाकतो, पहिल्यांदा ६, मग ९-९ हजार. तुला मध्येच गरज लागली तर निःसंकोच सांग, बघतो.’

नेटबँकिंगमध्ये दर महिन्याची स्थायी सूचना लावून ठेवा, म्हणजे मागणेही नको आणि आठवण करून देणेही नको. पैसे खात्यातूनच द्या. ₹२०,००० किंवा त्याहून अधिक उसनी रक्कम रोखीत घेण्यादेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. देणे एकूण त्याहून मोठे असेल, तर रोखीचे छोटे तुकडे पाडूनही सुटका नाही.

मित्र खरोखरच ‘भेट समज’ म्हणाला तर? एकदा म्हणाला तर ‘नाही रे, ७ तारखेला येतील’ एवढेच म्हणा आणि पाठवा. पुन्हा शांतपणे तेच म्हणाला, तर हट्ट धरू नका. पण रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा: कायद्याच्या लेखी मित्र नातेवाईक नसतो, आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या पैशांच्या भेटी ₹५०,००० च्या वर गेल्या की पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते.

चारचौघांत आभार मानणे

फेसबुकवर त्याला टॅग करून ‘माझ्या पडत्या काळात यानेच आधार दिला’ लिहिण्याआधी थांबा. त्याने पैसे दिल्याचे त्याच्या घरी माहीत असेलच असे नाही. वहिनींसमोर तो विषय निघाला तर त्या घरात वाद होऊ शकतो. वहिनींचेही आभार मानायचे असतील, आणि मानायलाच हवेत, तर त्यांनी पाठवलेल्या डब्याबद्दल माना.

देणे बाकी असताना महागडी भेटही नेऊ नका. सहा हजारांचे घड्याळ पाहून मनात येते की हे हप्त्यात का नाही दिले. मिठाई किंवा घरी जेवायला बोलावणे पुरे.

मोठमोठे शब्द वापरणे

‘तुझे उपकार कसे फेडू’ म्हटले की गप्पा पुन्हा फेडण्यावर येतात आणि मित्र खाली बघू लागतो. त्याऐवजी त्याने केलेली एखादी नेमकी गोष्ट सांगा आणि तिने काय झाले ते सांगा: ‘मुलाखतीच्या आदल्या रात्री तू तासभर प्रश्न विचारलेस. दुसऱ्या दिवशी त्यातले दोन आले. त्या रात्री मी जायचंच नाही असं ठरवलं होतं.’ एवढे बोलून थांबा. त्याने विषय बदलला तर बदलू द्या.

एखादा हप्ता चुकणार असेल तर ७ तारखेच्या आधी कळवा. का चुकला हे सांगत न बसता नवी तारीख सांगा: ‘या महिन्याचे २० ला टाकतो.’ शेवटचा हप्ता गेल्यावर ‘६९ पूर्ण झाले, एकदा बघून घे’ एवढा मेसेज पुरतो. त्याच मेसेजमध्ये पुन्हा आभार मानू नका.