मानसिक आरोग्याच्या रजेनंतर मॅनेजरला काय लिहावं

"हळूहळू काम सुरू करतो" असं मोघम कळवलं की पहिल्याच दिवशी साठलेलं सगळं अंगावर येतं. रुजू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी नेमकं लिहा:

"सर, सोमवारी 6 तारखेला रुजू होतोय. पहिले दोन आठवडे मासिक रिपोर्टचं काम पूर्ण सांभाळेन. क्लायंट कॉल आणि रात्रीचा सपोर्ट तेवढे दिवस दुसऱ्या कुणाकडे देता येईल का? बुधवारी डॉक्टरांकडे जायचं असल्याने 4 वाजता निघेन. दर शुक्रवारी 15 मिनिटं बोलू, आणि 17 तारखेला पुढचं ठरवू."

शेवटची तारीख गाळू नका. ती असली की मॅनेजरलाही कामाची वाटणी करणं सोपं जातं.

आजाराचं नाव, औषधं मात्र लिहू नका, ईमेल सहज फॉरवर्ड होतो. फिटनेस सर्टिफिकेट मागितलं असेल तर थेट एचआरला पाठवा.