स्लाईड नसताना तीन मिनिटं: गोष्टीत आकडे कसे बसवायचे

गुंतवणूकदारासमोर धंद्याचं पिच करताना सावकाश, त्याला नीट समजेल असं बोललं तर तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे ते चारशे शब्द होतात. मागे स्लाईड असली की आकडे ती सांभाळते. ती नसली की ऐकणाऱ्याच्या हाती फक्त कानावर पडलेलं उरतं, आणि तीन-चार आकडे झाले की ते एकमेकांत मिसळायला लागतात. त्यामुळे अशा पिचमध्ये गोष्टीचं मुख्य काम आकडे धरून ठेवणं हे असतं.

माझ्या मावसभावाच्या पिचवर आम्ही दोघं बसलो होतो, तेच उदाहरण सांगते. तो इंदूरमध्ये नमकीनवाल्यांकडून तळणीचं वापरलेलं तेल विकत घेतो आणि बायोडिझेल बनवणाऱ्यांना विकतो. त्याचा पहिला मसुदा देशात किती तेल वाया जातं इथून सुरू होत होता. तो सगळा भाग काढला आणि एका दुकानापासून सुरुवात केली.

मल्हारगंजातले एक काका रोज सकाळी शेवेचा घाणा काढतात. दुपारपर्यंत कढईतलं तेल काळपट होतं, त्याला फेस येतो, धूर लवकर सुटतो. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तळणीला वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण काकांकडे मोजायला यंत्र नाही, आणि उरलेलं तेल ओतून द्यायचं तर जीव तुटतो. मग स्कूटरवरून येणारा एकजण ते रोखीने उचलतो आणि ते पुन्हा कुठल्यातरी गाडीवरच्या भज्यांत जातं. एवढं सांगायला पन्नास सेकंद लागतात. गोष्ट इथेच थांबवायची. काकांचं घर, मुलं, त्यांचा स्वभाव यात शिरलात तर गुंतवणूकदाराला काका आठवतील, धंदा आठवणार नाही.

पुढचं वळण सगळ्यात अवघड, एका दुकानावरून धंद्यावर येण्याचं. बरेच नवखे इथे काकांना सोडून देतात आणि एकदम बाजारपेठेच्या कोटींवर उडी मारतात. आम्ही काकांनाच मोजमाप केलं. त्यांच्याकडून महिन्याला चार डबे तेल मिळतं, म्हणजे साठ लिटर. भाऊ यंत्राने तेल तपासतो, पावती देतो, लिटरला चाळीस रुपये मोजतो आणि बावन्नला विकतो. बारातले सात गाडी-माणसात जातात, पाच उरतात. एका काकांमागे महिन्याला तीनशे रुपये. आज अशी साठ दुकानं आहेत, म्हणजे अठरा हजार.

यातला प्रत्येक आकडा बोलायचा नाही. चाळीस, बावन्न, सात हे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवले. बोलण्यात तीनच ठेवले: एका दुकानामागे तीनशे, आज साठ दुकानं, आणि मागणी. मागणी अशी होती: "वीस लाख हवेत. त्यात एक टेम्पो, तपासणीची यंत्रं आणि दीड वर्षाचे पगार. तेवढ्यात चारशे दुकानं जोडतो." तीनशे गुणिले चारशे, महिन्याला एक लाख वीस हजार, हा गुणाकार समोरचा मनातच करतो. त्याने स्वतः केलेला हिशेब त्याच्या लक्षातही राहतो.

तालीम कशी करायची? घड्याळ लावून बोलणं सगळेच करतात. माझा भर दुसऱ्या चाचणीवर असतो. धंद्याशी संबंध नसलेल्या कुणालातरी पिच ऐकवायचं आणि तासाभराने त्यांनाच ते सांगायला लावायचं. आम्ही मावशीला ऐकवलं. संध्याकाळी तिला काका, काळं तेल, तीनशे रुपये सगळं आठवत होतं, पण पैसे कशाला हवेत ते सांगता येईना. म्हणजे मागणी शेवटच्या घाईत गुंडाळली जात होती. गोष्टीतली दोन वाक्यं कापली आणि मागणीला पूर्ण तीस सेकंद दिले. गळलेली जागा अशीच सापडते. आपण स्वतः ऐकून ती कळत नाही, कारण आपल्याला सगळं आधीच ठाऊक असतं.

शब्दन् शब्द पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं, आणि सावरायला समोर स्लाईडही नसते. पहिलं वाक्य, वळणाचं वाक्य आणि मागणी एवढंच तोंडपाठ ठेवा. आपण घरी मराठीत विचार करतो आणि इंदुरात पिच बहुधा हिंदीतच होतं, तेव्हा तालीम पहिल्यापासून हिंदीतच करा. ऐनवेळी मनातल्या मनात भाषांतर करायला लागलं की तीन मिनिटांची चार होतात.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. एका दुकानाची गोष्ट ऐकली की पहिली शंका येते, की बाकीची दुकानं अशीच आहेत कशावरून? भावाला पहिला प्रश्न हाच आला. त्याच्याकडे साठही दुकानांची महिनावार वही होती. सगळ्यात लहान दुकान किती देतं आणि सगळ्यात मोठं किती, हे त्याने तिथल्या तिथे सांगितलं. तशी वही नसेल, तर पिच लिहायला बसण्याआधी ती भरायला घ्या.