या चुका टाळा: आजी-आजोबांच्या फॉर्मवर आपला मोबाईल नंबर

शेजारच्या ज्येष्ठांची बँकेची, सरकारी आणि ऑनलाइन कामं थोडे पैसे घेऊन करून देताना सगळ्यात महाग पडणारी चूक कोणती, असं कोणी विचारलं तर मी फॉर्ममधल्या एका चौकटीवर बोट ठेवीन: मोबाईल नंबर. नाव चुकलं तर अर्ज परत येतो आणि दुरुस्त होतो. तिथे आपला नंबर टाकला तर अर्ज बिनबोभाट मंजूर होतो, आणि त्रास कित्येक महिन्यांनी सुरू होतो.

मी ही चूक केली आहे. शेजारच्या नानांकडे बटणांचा साधा फोन होता. पेन्शनच्या पोर्टलवर खातं उघडताना ते म्हणाले, "तुझाच नंबर टाक गं, मला ते मेसेज कुठे वाचता येतात!" मी टाकला. ओटीपी माझ्याच फोनवर आला, वीस मिनिटांत काम झालं, दोघांनाही बरं वाटलं. पुढे माझं ते जास्तीचं सिम मी बंद केलं. त्या वर्षी नानांचा हयातीचा दाखला आम्ही ऑनलाइन भरला. पोचपावती क्रमांक मिळाला, म्हणून मी निर्धास्त झाले. पण जोडलेला कागद पुसट असल्यामुळे अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता, आणि तसं कळवणारा मेसेज गेला माझ्या बंद नंबरवर. सलग दोन महिने पेन्शन जमा झाली नाही, तेव्हा कुठे आम्हाला पत्ता लागला.

लॉगिन करायला गेलो तर ओटीपी जुन्या नंबरवर. 'नंबर बदला' हे बटण दाबलं, तर तेही आधी जुन्या नंबरवरचा ओटीपी मागत होतं. ऑनलाइन वाट तिथे संपली. शेवटी लेखी अर्ज, मूळ ओळखपत्र आणि पासबुक घेऊन नानांना स्वतः कार्यालयात जावं लागलं. जिना उतरणं जमत नाही म्हणून ज्यांनी मला बोलावलं होतं, त्यांनाच मी जिना उतरायला लावला. थकलेली रक्कम नंतर मिळाली, पण मधले दिवस त्यांनी औषधांसाठी उसने पैसे घेऊन काढले.

बंद नंबरचा आणखी एक धोका असतो. फोन कंपन्या असा नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. मग आजोबांच्या खात्याचे मेसेज एका अनोळखी माणसाच्या हातात पडतात.

साधा फोन पुरतो

ओटीपी साध्या एसएमएसने येत असेल, तर त्याला स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. फॉर्म तुमच्या लॅपटॉपवर भरा, पण नंबर त्यांचाच द्या. त्यांना वाचता येत नसेल तर शेजारी बसून त्यांच्या फोनवरचा मेसेज तुम्ही वाचून दाखवा.

वाचायचा तो पूर्ण. नुसते सहा आकडे उचलू नका. बहुतेक मेसेजमध्ये हा ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं: लॉगिनसाठी, पैसे पाठवण्यासाठी, की नंबर बदलण्यासाठी. मी वाक्य मोठ्याने वाचते, "काकू, हा लॉगिनचा आहे, पैशांचा नाही," आणि त्यांनी हो म्हटल्यावर आकडे टाकते. काही दिवस असं केलं की काकू स्वतःच विचारू लागतात, "हा कशाचा?" आणि हाच प्रश्न त्या फसवा फोन करणाऱ्यालाही विचारतील.

तुम्ही समोर नसताना ओटीपी फोनवरून सांगायची सवय मात्र त्यांना लावू नका, अगदी तुम्हालासुद्धा. एकदा ती सवय लागली की तुमचं नाव सांगणाऱ्या परक्यालाही त्या आकडे सांगतील.

ओटीपी येतच नसेल तर आधी त्यांच्या फोनची मेसेजपेटी उघडा. जुन्या साध्या फोनची पेटी जाहिरातींच्या मेसेजनी भरून जाते आणि नवा मेसेज आत येत नाही. दहावीस जुने पुसले की अडकलेला बऱ्याचदा लगेच येतो. दुसरी अडचण आपल्या घाईची असते. मेसेजला उशीर झाला म्हणून आपण 'पुन्हा पाठवा' दाबतो. तेवढ्यात पहिला येतो, तो टाकला तर चुकीचा ठरतो, कारण दुसरा मागवल्यावर सहसा पहिला रद्द झालेला असतो. असं दोनतीनदा झालं की खातं काही तासांसाठी कुलूपबंद होऊ शकतं. एकदा दाबून थांबा, आणि दोन आले तर शेवटचा टाका.

नंबर आधीच आपला दिलेला असेल तर

कुठे कुठे दिलाय ते आठवणीवर सोडू नका. लॉगिन करताना ओटीपी कुठे पाठवला ते दाखवणाऱ्या ओळीत बऱ्याच ठिकाणी नंबरचे शेवटचे आकडे दिसतात. प्रत्येक खात्यावर ते बघून वहीत लिहा: बँक, पेन्शन, वीज, गॅस, विमा. तुमचा जुना नंबर चालू आहे तोवरच सगळीकडे बदल करून घ्या, कारण जिथे हे घरबसल्या होतं, तिथे ते सहसा तेव्हाच होतं. सुरुवात बँकेपासून करा. बदल झाला की खात्यातून बाहेर पडा आणि त्यांच्यासमोर पुन्हा लॉगिन करा. ओटीपी त्यांच्या फोनवर आला, तरच काम झालं असं समजा.

ईमेललाही हेच लागू आहे. तिथे मात्र अडचण खरी असते, कारण अनेकांकडे ईमेल नसतोच. मग त्यांच्या नावाने नवा उघडा, पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि खातं परत मिळवण्यासाठी मागितलेला नंबर त्यांचा किंवा त्यांच्या मुलीचा-मुलाचा द्या. वही त्यांच्या कपाटात राहू दे. तुमच्या लॅपटॉपने 'पासवर्ड जतन करू का' विचारलं तर नाही म्हणा.

ओळखपत्राचे, पासबुकाचे फोटो तुमच्या फोनने काढावे लागले, तर काम झाल्यावर त्यांच्यासमोर पुसा. पुसलेले फोटो बऱ्याच फोनमध्ये 'नुकतेच हटवलेले' या कप्प्यात सुमारे महिनाभर पडून असतात. तो कप्पाही रिकामा करा, आणि डाउनलोडमधली फाइलही.

पोचपावती आणि पैसे

नानांच्या प्रकरणात माझी दुसरी चूक ही होती की पोचपावती क्रमांक मिळताच मी काम संपलं असं धरलं. त्या क्रमांकाचा अर्थ अर्ज पोचला, एवढाच. मंजुरी ही वेगळी गोष्ट. आता मी पावती छापून देते, तिच्यावर 'पुन्हा बघायची तारीख' लिहिते, आणि त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून अर्जाची स्थिती तपासते. या दुसऱ्या खेपेचे पैसे पहिल्याच मोबदल्यात धरते. वेगळे मागितले तर "राहू दे, झालं असेल" असं म्हणून तपासणीच टळते, हे मी पाहिलं आहे.

सरकारी शुल्क आणि माझा मोबदला पावतीवर दोन वेगळ्या ओळींत लिहिते. शुल्क शक्यतो त्यांच्याच खात्यातून, त्यांच्या हाताने भरलं जातं. मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी मी घेत नाही. त्यांची मुलं परगावाहून आली की वही आणि पावत्या आधी त्यांच्यासमोर ठेवते आणि त्यांनाही एकदा लॉगिन करून बघायला सांगते. माझ्याशिवाय ते जमलं नाही, तर अडकलं कुठे ते शोधून त्याच दिवशी दुरुस्त करते.