टू-फॅक्टर एपीटी: प्रीमियम दिलेलेच नसतील तर काय करायचं

एमबीए फायनान्स किंवा सीएफएची तयारी करणारी ज्युनिअर मंडळी माझ्याकडे आर्बिट्राज प्रायसिंगचं गणित घेऊन येतात तेव्हा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, पण गाडी अडते ती आकडे कुठून उचलायचे इथे. फॉर्म्युला हा:

```
E(R) = λ0 + b1·λ1 + b2·λ2
```

λ0 म्हणजे रिस्क-फ्री रेट, b1 आणि b2 म्हणजे आपला पोर्टफोलिओ त्या दोन फॅक्टरना किती सेन्सिटिव्ह आहे ते, आणि λ1, λ2 म्हणजे एक युनिट सेन्सिटिव्हिटी अंगावर घेतल्याबद्दल मार्केट जादा किती देतं ते. स्टीफन रॉसने 1976 मध्ये हे मांडलं, पण फॅक्टर कुठले घ्यायचे हे थिअरी सांगतच नाही, ते आपणच ठरवायचं. इथे आपण जीडीपी वाढीतला धक्का आणि महागाईतला धक्का असे दोन घेऊ.

प्रीमियम आयते दिले असतील तर दोन गुणाकार आणि बेरीज, विषय संपला. खरी मजा ते दिलेले नसतात तेव्हा. समजा तीन चांगले डायव्हर्सिफाइड पोर्टफोलिओ आहेत (आकडे माझेच, सरावासाठी). 'अ'चा अपेक्षित रिटर्न 10%, सेन्सिटिव्हिटी 1.0 आणि 0.5. 'ब'चा 11.5%, सेन्सिटिव्हिटी 1.5 आणि 1.0. 'क'चा 9%, सेन्सिटिव्हिटी 0.4 आणि उणे 0.5. तीन अज्ञात, तीन समीकरणं:

```
λ0 + 1.0·λ1 + 0.5·λ2 = 10
λ0 + 1.5·λ1 + 1.0·λ2 = 11.5
λ0 + 0.4·λ1 - 0.5·λ2 = 9
```

λ0 आधी उडवायचा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की λ1 + λ2 = 3 येतं, पहिल्यातून तिसरं वजा केलं की 0.6·λ1 + λ2 = 1, आणि ही दोन एकमेकांतून वजा केली की 0.4·λ1 = 2. म्हणजे λ1 = 5, λ2 = उणे 2, λ0 = 6. आता λ0 कडे नीट बघा, 6% हा रिस्क-फ्री रेट म्हणून पटण्यासारखा आहे, तिथे 14 किंवा उणे काहीतरी आलं असतं तर चिन्ह कुठेतरी चुकलंय असं समजून पुन्हा वर जायचं.

उणे प्रीमियम दिसला की पोरं घाबरतात आणि चिन्ह बदलून टाकतात, ते करू नका. महागाई अचानक वाढल्यावर जो पोर्टफोलिओ वर जातो तो गुंतवणूकदाराला आडवेळी हात देतो, म्हणून लोक तो कमी रिटर्नवरही ठेवायला तयार असतात. 'क'ची सेन्सिटिव्हिटी उणे आहे, तो महागाईत मार खातो, म्हणून त्याला उणे गुणिले उणे असा 1% जादा मिळतो.

आता चौथा 'ड' आला, सेन्सिटिव्हिटी 0.7 आणि 0, आणि कुणी म्हणतंय याचा अपेक्षित रिटर्न 11%. मॉडेल म्हणतं 6 + 0.7 × 5 = 9.5%. म्हणजे 'ड' स्वस्त आहे. 'अ' आणि 'क' निम्मे निम्मे घेतले तर सेन्सिटिव्हिटी बरोब्बर 0.7 आणि 0 येते, रिटर्न 9.5%. मग 'अ' 50 लाखांचा आणि 'क' 50 लाखांचा शॉर्ट करायचा आणि त्या 1 कोटीत 'ड' घ्यायचा. खिशातला पैसा शून्य, दोन्ही फॅक्टरची रिस्क शून्य, अपेक्षित फायदा दीड लाख. 'ड' मध्ये मोजके चारच शेअर असतील तर मात्र त्या कंपन्यांची स्वतःची रिस्क तशीच राहते आणि याला आर्बिट्राज म्हणता येत नाही.

याच कारणाने 'अ', 'क' आणि 'ड' हे त्रिकूट घेऊन प्रीमियम काढायला गेलात तर गणित सुटणारच नाही, कारण 'ड' हा त्या दोघांच्या मधोमधच बसलाय. शेवटी 0 = 0 किंवा 0 = 1.5 असलं काहीतरी उरलं की आकडेमोड परत परत तपासत बसू नका, पोर्टफोलिओ बदला.

अजून दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. एक म्हणजे प्रश्नात 'जीडीपी फॅक्टर पोर्टफोलिओचा अपेक्षित रिटर्न 11%' असं असतं आणि हे सरळ 11 ने गुणतात, प्रीमियम 11 - 6 = 5 आहे, तसं न करता 'ड'चं उत्तर 13.7% येतं. दुसरं, जीडीपी वाढ 6.5% अपेक्षित होती आणि 7% झाली असा आकडा दिला असेल तर तो 0.5 चा धक्का E(R) मध्ये घालायचा नाही, तो प्रत्यक्ष रिटर्न काढताना वरून येतो. महागाई अंदाजाप्रमाणेच राहिली तर 'अ'ला 10 + 1.0 × 0.5 = 10.5% मिळतील, अपेक्षित रिटर्न 10% होता तो 10%च राहतो.