गोळ्यांचा तक्ता मामांना ऐकू जावा म्हणून

दृष्टिबाधित मामांना गोळ्यांचा इंग्रजी तक्ता फोटो म्हणून आला. मजकूर ओळखणारे अ‍ॅप तो रकान्यांनुसार वाचत असल्याने आधी सगळी नावे आणि मग नुसतेच ‘१-०-१’ असे आकडे ऐकू येत.

मी मराठीत वर्णन लिहून पाठवले. पहिल्या वाक्यात हा तक्ता कशाचा आणि त्यात औषधे किती, एवढेच सांगितले. पुढे प्रत्येक औषधाला स्वतंत्र परिच्छेद देऊन ‘मेटफॉर्मिन ५००: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, जेवणानंतर’ असे लिहिले. औषधाचे नाव मात्र बदलले नाही, कारण दुकानात तेच सांगावे लागते. तळाची तारांकित सूचना त्या-त्या औषधापाशीच आणली, आणि रुग्णालयाचे बोधचिन्ह, जे अ‍ॅप आधी वाचत असे, शेवटी ठेवले.